रशियन वाटलेलं गाणं जॉर्जियाचं निघतं तेव्हा

1985 च्या सप्टेंबरमध्ये केट बुश या इंग्लिश गायिकेचा ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ हा अल्बम बाजारात आला. त्याची दुसरी बाजू म्हणजे सलग एक कथा आहे. रात्रीच्या समुद्रात एकटीच तरंगत असलेली एक बाई, आणि तिच्या मनात येणारे-जाणारे विचार. या बाजूवरच्या शेवटून दुसऱ्या गाण्यात, ‘हॅलो अर्थ’मध्ये, एक विचित्र गोष्ट घडते. गाणं भरात असताना वाद्यं गप्प होतात आणि पुरुषांचे आवाज तेवढे उरतात. खाली एक लांबच लांब धरलेला खर्ज, वर सावकाश सरकणारे स्वर आणि काहीही अर्थ न लागणारे शब्द. थोड्या वेळाने इंग्रजी गाणं पुन्हा सुरू होतं, पुन्हा थांबतं, आणि ते आवाज परत येतात.

ज्यांनी हे ऐकलं त्यांच्यातल्या अनेकांच्या डोक्यात तो तुकडा वर्षानुवर्षं राहतो आणि त्याचं नाव मात्र सापडत नाही. युरोपातल्या जुन्या मठातलं लॅटिन स्तोत्र असावं, असं कुणाला वाटतं. कुणी छातीठोकपणे रशियन म्हणतो. दोन्ही अंदाज चुकीचे आहेत, पण ते का चुकतात हे पाहण्यासारखं आहे. कारण वाद्यांशिवाय गायलेलं आणि भाषा नीट न आठवणारं कुठलंही समूहगान शोधताना हेच होतं. माणूस भाषेच्या अंदाजाला घट्ट धरून बसतो आणि आवाज एकमेकांशी कसे जुळले होते याची आठवण सोडून देतो. खरं तर भरवशाची असते ती दुसरी आठवण.

आधी या तुकड्याचा माग काढू. केट बुशने तो स्वतः रचलेला नव्हता. वेर्नर हर्झोग या जर्मन दिग्दर्शकाचा ‘नोस्फेराटू’ हा 1979 चा चित्रपट तिने पाहिला होता. प्लेगने खंगलेल्या शहराच्या प्रसंगात तिथे एक समूहगान वाजतं, ते तिच्या मनात रुतून बसलं. आपल्या गाण्यातल्या रिकाम्या जागी तिला तेच हवं होतं. मग मायकेल बर्कली या संगीतकाराने त्याची मांडणी केली आणि रिचर्ड हिकॉक्स सिंगर्स या इंग्लिश गायकवृंदाने ते गायलं. हर्झोगच्या चित्रपटात मात्र मूळचे गायक आहेत. ‘गोर्देला’ हा जॉर्जियातला पुरुषांचा गट, आणि श्रेयनामावलीत गाण्याचं नाव Zinskaro असं जर्मन वळणाने दिलेलं. गाणं आहे ‘त्सिन्त्स्कारो’, कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला असलेल्या जॉर्जिया देशाच्या पूर्व भागातलं लोकगीत.

आणि त्याचा विषय? प्लेग नाही, मृत्यू नाही, देवाची करुणाही नाही. एक तरुण झऱ्याच्या वाटेने जात असताना त्याला खांद्यावर घडा घेतलेली सुंदर मुलगी भेटते. तो तिला काहीतरी बोलतो, ती रागावते आणि बाजूला होते. बस, एवढंच. पाणवठ्यावरची ही छेडछाड हर्झोगच्या पडद्यावर महामारीचा शोक झाली आणि केट बुशच्या अल्बममध्ये समुद्रातल्या एकाकीपणाचा आवाज झाली. तेव्हा ‘ऐकताना कसं वाटलं’ या आठवणीवरून गाणं शोधायला निघालेला माणूस पहिल्याच वळणावर रस्ता चुकणार. ‘उदास, धार्मिक’ असं वर्णन करून तो आयुष्यभर प्रार्थनासंगीताचे संग्रह चाळत बसला तरी हे गाणं त्याच्या हाती लागणार नाही.

भाषेची आठवण दगा देते याला साधी कारणं आहेत. बोलताना भाषा ओळखू येते ती तिच्या लयीवरून, आघातांवरून, व्यंजनांच्या खडखडाटावरून. गाताना हे सगळं पुसलं जातं. स्वर ताणले जातात आणि व्यंजनं दोन लांब स्वरांच्या मध्ये कुठेतरी निसटून जातात. त्यात दगडी चर्चमधला घुमारा मिसळला की एका शब्दाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर चढतं. बायकांचे आवाज तार सप्तकात गेले की तर ‘आ’, ‘इ’ आणि ‘ऊ’ यांतला फरकही धूसर होतो. गाणारी बाई शुद्ध उच्चार करत असली तरी इतक्या उंचीवर तो ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. शेवटी ऐकणाऱ्याकडे उरते एक ढोबळ छाप, आणि तिला तो आपल्या माहितीतलं जवळचं नाव देतो. पूर्व युरोपच्या दिशेचं जे काही असेल ते सगळं ‘रशियन’ आणि चर्चच्या वासाचं सगळं ‘लॅटिन’.

आवाजांच्या जुळणीचं तसं होत नाही. दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्यात किती अंतर आहे हे कानाला शब्दांत सांगता आलं नाही तरी ते लक्षात राहतं. शिवाय हे अंतर प्रत्येक परंपरेत वेगळं असतं. पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण नसलेल्या मराठी वाचकालाही हे घरच्या घरी तपासता येईल, त्यासाठी एक पेटी पुरते.

काळी एकचा षड्ज धरा. तिच्याबरोबर पांढरी चार, म्हणजे शुद्ध गंधार, आणि काळी चार, म्हणजे पंचम, अशा तिन्ही पट्ट्या एकदम दाबा. सा-ग-प. हा आवाज ओळखीचा वाटेल. चर्चमधली स्तोत्रं, शाळेतलं नाताळचं गाणं, हिंदी चित्रपटातला मागचा कोरस या सगळ्यांचा पाया हाच. गोड, भरलेला, शांत. आता गंधार सोडून त्याच्या शेजारची काळी तीन, म्हणजे शुद्ध मध्यम, दाबा. सा-म-प. गोडवा गेला. मध्यम आणि पंचम एकमेकांना खेटून उभे आहेत, त्यांच्यात एक ताण आहे. पण पंचम षड्जाशी पक्का जुळलेला असल्याने सगळं कोसळत नाही. जॉर्जियन समूहगान ऐकून जे ‘जुनं, कठीण, काहीसं परकं’ वाटतं ते बरंचसं या तीन स्वरांचं आहे. आता शेवटचा प्रयोग. फक्त काळी एक आणि काळी दोन, सा आणि शुद्ध रे, एकत्र दाबून धरा. आपल्या कानाला ही चूक वाटते, शिकवणारे गुरुजी लगेच बोट उचलायला लावतील. बल्गेरियातल्या बायका नेमक्या याच अंतरावर उभ्या राहून पूर्ण ताकदीने गातात.

पेटीवर हे अंदाजेच कळतं. पेटीच्या पट्ट्या सगळ्या सुरांना थोडं थोडं खाली-वर करून बसवलेल्या असतात. जॉर्जियन गायक पंचम शुद्ध लावतात आणि त्यांचा गंधार बऱ्याचदा कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. म्हणूनच पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या गायकवृंदाने गायलेलं जॉर्जियन गाणं आणि काखेतीच्या गावकऱ्यांनी गायलेलं तेच गाणं यांत फरक जाणवतो. पहिलं गुळगुळीत असतं, दुसऱ्याला धार असते.

जॉर्जियाचं पारंपरिक गाणं बहुतेक तीन आवाजांचं असतं. खालच्या आवाजाला ‘बानी’ म्हणतात. मधला ‘म्त्क्मेली’, म्हणजे सांगणारा, शब्द सुरू करतो तो हा. वरचा ‘मोद्झाखिली’, म्हणजे साद देणारा. पूर्वेकडच्या कार्तली आणि काखेती या भागांत बानी सगळ्या गटाने मिळून धरायचा असतो, बहुधा ‘ओ’ या एकाच स्वरावर, आणि वरचे दोन आवाज एकेका गायकाचे असतात. ते दोघे आलटून पालटून पुढे येतात, मुरक्या घेतात, एकमेकांना छेद देतात. हा खर्ज तानपुऱ्यासारखा वाटेल, पण तानपुऱ्याचा षड्ज मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही, बानी मात्र हलतो. वरचे दोघे एखाद्या टप्प्यावर पोचले की सगळा गट एक पायरी खाली किंवा वर सरकतो आणि गाण्याखालची जमीनच बदलल्यासारखी होते. ‘त्सिन्त्स्कारो’ ऐकताना अंगावर काटा येतो तो याच जागी.

आणि शेवट. पूर्व जॉर्जियातली गाणी बहुधा एका स्वरावर येऊन संपतात, म्हणजे तिन्ही आवाज हळूहळू जवळ येत एकाच सुरात मिसळतात. पाश्चात्त्य स्तोत्र शेवटी सा-ग-प असं पसरून थांबतं, हे मिटून थांबतं. शब्द आठवत नसले, चाल आठवत नसली तरी गाणं संपताना आवाज पसरले की मिटले हे पुष्कळांना आठवतं. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही एवढंच.

पश्चिम जॉर्जियाचा बाज निराळा. काळ्या समुद्राजवळच्या गुरियामध्ये खर्ज धरून बसण्याची पद्धत कमी, तिथे तिन्ही आवाज आपापल्या वाटेने धावतात आणि सगळ्यात वरचा गायक गळा उलटवून किलकारीसारखा आवाज काढतो. त्याला ‘क्रिमांचुली’ म्हणतात. ज्याला ‘त्यात कुणीतरी पक्ष्यासारखा ओरडत होता’ एवढंच आठवतं, त्याने गुरियाच्या गाण्यांपासून सुरुवात करावी. उंच पर्वतातल्या स्वानेतीत तिन्ही आवाज जवळजवळ एकत्र, ठोकळ्यासारखे सरकतात. जॉर्जियाच्या या बहुस्वरी गायनाला युनेस्कोने 2001 मध्ये मानवजातीच्या वारशात स्थान दिलं. पण शोधणाऱ्याच्या कामाचं त्याहून जास्त हे, की एका छोट्याशा देशात इतके वेगळे बाज आहेत आणि ते कानाने सुटे करता येतात.

‘रशियन वाटणाऱ्या’ गाण्यांतला दुसरा मोठा वाटा बल्गेरियाचा. इथे मात्र बायकांचे आवाज असतात. मार्सेल सेलिये या स्विस संग्राहकाने 1975 मध्ये बल्गेरियन नभोवाणीच्या महिला गायकवृंदाच्या ध्वनिमुद्रणांची तबकडी काढली, तिचं नाव ‘बल्गेरियन आवाजांचं गूढ’ अशा अर्थाचं फ्रेंच होतं. 1986 मध्ये लंडनच्या फोरएडी या कंपनीने ती पुन्हा प्रसिद्ध केली आणि रॉक संगीत ऐकणाऱ्या पिढीने ती डोक्यावर घेतली. पुढच्या भागाला 1990 मध्ये ग्रॅमी मिळालं. या आवाजाची खूण अशी की तो छातीतून, सरळ, कंपाशिवाय येतो. शिक्षित ऑपेरा गायिकेचा आवाज जसा लहरत राहतो तसा हा लहरत नाही. लहर नसल्यामुळे दोन शेजारचे स्वर एकमेकांवर घासलेले स्वच्छ ऐकू येतात.

हे घासणं म्हणजे काय, याचा हिशेब सोपा आहे. एका बाईचा स्वर सेकंदाला 300 कंपनांचा आहे असं धरू. तिच्या शेजारी शुद्ध रिषभ गाणाऱ्या बाईचा स्वर साधारण साडेतीनशेच्या अलीकडे, 337 च्या आसपास पडेल. दोन्हींतला फरक सेकंदाला सुमारे 37. कानाला इतके हेलकावे सुटे मोजता येत नाहीत, पण त्यांचा एक खरखरीत झणत्कार तयार होतो. सोफियाजवळच्या शोप भागातल्या खेड्यांत दोन आवाजांचं असं गाणं पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. तबकड्यांवर ऐकू येतं ते मात्र जसंच्या तसं खेड्यातलं नव्हे. फिलिप कुतेव यांनी 1951 मध्ये सरकारी लोककला पथक उभारलं आणि त्यांनी व त्यांच्यानंतरच्या संगीतकारांनी गावातल्या चालींवर चार, पाच, सहा आवाजांच्या मांडण्या केल्या. म्हणजे जे ‘हजारो वर्षांचं’ वाटतं त्यातलं बरंच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे. शोधताना याचा फायदाच होतो. या मांडण्यांना रचनाकाराचं नाव असतं, नाव असलं की यादी असते आणि यादी असली की गाणं सापडतं.

बाकीच्या शेजाऱ्यांची ओळख थोडक्यात. रशियन चर्चसंगीतात सा-ग-पचा भरणा असतो आणि खाली इतका खोल खर्ज की तो पोटात जाणवतो. राखमानिनॉव्हच्या 1915 च्या ‘ऑल-नाइट व्हिजिल’मध्ये एका भागाच्या शेवटी खालचे पुरुष आवाज पायरी पायरीने अशा स्वरावर उतरतात की तो गाणारे फार थोडे. सार्डिनिया बेटावर चार पुरुष वर्तुळात उभे राहून गातात, त्यांतले दोघे घसा आवळून घोगरा आवाज काढतात आणि शब्दांऐवजी ‘बिम-बाम’सारखे बोल म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू पुरुषांच्या गटांत एक नायक हाक घालतो आणि बाकीचे मऊ, दबलेल्या आवाजात उत्तर देतात, लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो हे त्यांतलं सर्वांत परिचित नाव. आणि ज्याला असं गाणं परदेशातच असतं असं वाटतं त्याने नागालँडमधल्या फेक गावाकडे कान द्यावा. तिथले शेतकरी भातखाचरात काम करताना अनेक आवाजांत ‘ली’ गातात. 2017 च्या ‘अप डाउन अँड साइडवेज’ या माहितीपटात ते पुरेपूर ऐकायला मिळतं. हे भारतातलं गाणं आहे असं सांगितल्याशिवाय ओळखणारे महाराष्ट्रात फार नसतील.

आवाजांवरून प्रदेश हाती आला की मग भाषेकडे वळावं, कारण आता तिच्याकडे नेमका प्रश्न घेऊन जाता येतं. ‘ही कुठली भाषा’ असं आता विचारायचं नसतं. ‘ही जॉर्जियन असू शकेल का’ एवढंच तपासायचं असतं. त्यासाठी दोन-चार अक्षरंही पुरतात, आणि सगळ्यात उपयोगी अक्षरं बहुधा निरर्थक असतात. लोकगीतांत चाल पुढे नेण्यासाठी म्हटलेले बोल पुन्हा पुन्हा येतात आणि म्हणून लक्षात राहतात. जॉर्जियन गाण्यांत ‘ओदेला’, ‘अरी-अरालो’, ‘देलिया’, ‘नाना’ असे बोल सापडतात. नांगरणीच्या गाण्यात ‘ओरोवेला’ येतं आणि त्या गाण्यांचं नावही तेच. मेजवानीतल्या गाण्यांत ‘म्रावालझामिएर’ हा शब्द घोळवला जातो, त्याचा अर्थ दीर्घायुष्य लाभो असा. बल्गेरियनमध्ये ‘लेले’ हा उद्गार आढळतो. रशियन किंवा सर्बियन चर्चमधलं काही असेल तर ‘गोस्पोदी’ आणि ‘पोमिलुय’, म्हणजे देवा दया कर, हे बोल पुष्कळदा येतात.

शब्दांची शेपटंही काही सांगतात. जॉर्जियन नामं मूळ रूपात स्वरावर संपतात आणि व्यंजनान्त शब्दाला ‘इ’ जोडला जातो. त्बिलिसी, बातुमी, कुताईसी ही शहरांची नावं पाहा. बँकेलाही तिथे ‘बांकी’ म्हणतात. त्यामुळे पुरुषांचा खर्जयुक्त कोरस आणि ‘इ’वर संपणारे पुष्कळ शब्द असं दोन्ही आठवत असेल तर जॉर्जियाची शक्यता चांगलीच वाढते. दुसरी खूण व्यंजनांची. जॉर्जियनमध्ये ती एकापुढे एक रचली जातात आणि काही व्यंजनं घशात अडवून फोडल्यासारखी येतात. ‘चमचा’तला नव्हे, ‘चाक’मधला च ज्याच्या तोंडात रोज असतो त्या मराठी माणसाला ‘त्स’ हा ध्वनी पकडायला जड जात नाही. इंग्रजी कानाला तो निसटतो आणि मग नाव Sinskaro, Zinskaro, Tsinskaro असं वाटेल तसं लिहिलं जातं.

ही भानगड शोधताना आडवी येते. एकाच गाण्याची रोमन लिपीतली चार-पाच स्पेलिंगं फिरत असतात. त्यातलं एक टाकून काही मिळालं नाही म्हणून गाणं अस्तित्वात नाही असं धरू नये. जॉर्जियन लिपीतलं नाव, या गाण्याच्या बाबतीत წინწყარო, चिकटवून शोधलं तर थेट तिथल्या गायकांची ध्वनिमुद्रणं समोर येतात. शझामसारख्या ॲपवर फार विसंबू नये हेही इथेच सांगायला हवं. ते जुळवतं ती नेमकी ध्वनिफीत. लोकगीत प्रत्येक गट आपल्या पट्टीत आणि आपल्या लयीत गातो, तेव्हा मनात असलेली फीत ॲपच्या साठ्यात नसेल तर तेच गाणं समोर वाजत असूनही ॲप हात वर करतं.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. समजा एका श्रोत्याला एवढंच आठवतं: अवकाशयानावरचा एक माहितीपट होता, त्यात वाद्यांशिवाय काहीतरी ‘रशियन’ गायलं जात होतं, पुरुष होते, खूप जोरात गात होते. पहिला प्रश्न, किती जण वेगळे ऐकू येत होते? तो म्हणतो, वर दोघे भांडल्यासारखे, आळीपाळीने, आणि खाली बाकी सगळे मिळून एक ‘ओऽऽ’. दुसरा प्रश्न, तो ‘ओ’ शेवटपर्यंत एकाच जागी होता का? नाही, मधूनच सरकत होता. तिसरा, शेवट पसरला की मिटला? मिटला. एवढ्यावर रशियन चर्च बाद होतं, कारण तिथे अशी दोन एकट्या गायकांची झुंज आणि स्थिर खर्ज अशी रचना नसते. बल्गेरिया बाद होतो, कारण आवाज पुरुषांचे. सार्डिनिया उरला असता, पण तिथे चारच जण गातात आणि घोगरा घसा लक्षात राहिल्याशिवाय राहत नाही. उरतं पूर्व जॉर्जिया.

मग अवकाशयानाचा धागा ओढायचा. 1977 मध्ये व्हॉएजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली गेली. तिच्यावर जगभरचं संगीत आहे आणि त्यात जॉर्जियाचं एक समूहगान आहे, ‘चाक्रुलो’. काखेतीतल्या मेजवानीच्या गाण्यांपैकी हे सर्वांत कठीण मानलं जातं. दोन वरचे गायक, खाली सरकता बानी, सगळं तंतोतंत जुळतं. तबकडीवर त्याची लांबी 2 मिनिटं 18 सेकंद आहे. त्याच तबकडीवर बल्गेरियाचं ‘इझलेल ये देल्यो हायदुतिन’ही आहे आणि श्रोत्यांच्या आठवणीत ही दोन्ही गाणी हमखास एकमेकांत मिसळतात. पण ते वाल्या बाल्कान्स्का या एकट्या गायिकेचं आहे आणि तिच्यामागे गायदा हे मशकवाद्य वाजतं. वाद्य होतं की नव्हतं, या एका प्रश्नाने गोंधळ मिटतो. मराठी श्रोत्याला या तबकडीची आणखी एक खूण मिळू शकते. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी याच तबकडीवर आहे. ज्या कार्यक्रमात केसरबाईंचा आवाज ऐकल्याचं आठवतं, त्याच कार्यक्रमातलं ते परकं समूहगान असेल तर शोध दोन मिनिटांत संपतो.

प्रत्येक वेळी इतकं सरळ जमत नाही. काही रचना मुद्दाम फसव्या असतात. ‘घोस्ट इन द शेल’ या 1995 च्या जपानी चित्रपटाचं शीर्षकसंगीत ऐकलेले कितीतरी जण ते बल्गेरियन असल्याची शपथ घेतील. संगीतकार केन्जी कावाई यांना बल्गेरियन धर्तीचाच आवाज हवा होता, पण गायिका जपानी लोकसंगीतातल्या आहेत, भाषा प्राचीन जपानी आहे आणि शब्द लग्नगीताचे. इथे स्वरांची जुळणी एका देशाकडे बोट दाखवते आणि भाषा दुसऱ्या. अशा वेळी भाषेचं ऐकावं लागतं. आणि जिथे भाषाच नसते तिथे काय? याको मॅन्ट्युयार्वी या फिनिश संगीतकाराची ‘स्यूडो-योइक’ ही रचना जगभरचे गायकवृंद आवडीने गातात. तिचे शब्द उत्तर ध्रुवाकडच्या सामी लोकांच्या गाण्यासारखे वाटतात, पण ते कुठल्याही भाषेतले नाहीत. संगीतकाराने ते नुसते रचलेले आहेत. शब्दकोश घेऊन बसणाऱ्याची इथे चांगलीच जिरते.

उलट बाजूने भाषा अगदी बरोबर ओळखूनही फसगत होते. कुणाला ‘बोगोरोदित्से’ हा शब्द स्पष्ट आठवतो, तो चर्चच्या जुन्या स्लाव्ह भाषेतला आहे हेही समजतं, आणि प्रार्थना मेरीची हेही. पण ही प्रार्थना अनेकांनी संगीतबद्ध केली आहे. राखमानिनॉव्हची संथ, लाटेसारखी वर चढणारी आणि मग ओसरणारी. एस्टोनियाच्या आर्व्हो पॅर्ट यांनी 1990 मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज गायकवृंदासाठी केलेली झटपट, उड्या मारणारी, दीड मिनिटाच्या आत संपणारी. शब्द तेच असले तरी दोन्हींचा चेहरा एकमेकांना ओळखही देणार नाही. तेव्हा नाव सापडलं म्हणून थांबू नये, वेग आणि चढ-उतार पडताळून पाहावेत.

अशा शोधातली सगळ्यात मोठी चूक सुरुवातीलाच होते. आठवण ताजी असते आणि माणूस लगेच यूट्यूबवर ‘रशियन कोरस’ असं टाकून एकामागून एक क्लिप ऐकायला लागतो. दहाव्या क्लिपपर्यंत मूळ गाण्याचे आवाज या नव्या आवाजांत विरघळलेले असतात आणि मग कुठलंही गाणं ‘बहुधा हेच’ वाटू लागतं. म्हणून ज्यांच्या मनात असं एखादं बेनामी गाणं रेंगाळत असेल त्यांनी काहीही ऐकण्याआधी कागदावर चार गोष्टी उतरवून ठेवाव्यात: पुरुष की बायका, किती आवाज वेगळे कळत होते, खर्ज जागचा हलत होता का, आणि शेवट पसरला की मिटला. जी अक्षरं आठवतील ती देवनागरीत, कानाला पडली तशीच लिहावीत, त्यांना रशियन किंवा लॅटिन करायला जाऊ नये. क्लिपा त्यानंतर ऐकाव्यात.